पीएच मीटर दोन बफरांनी कसं लावायचं, आणि आकडा सरकत राहिला तर इलेक्ट्रोडमधला दोष कसा शोधायचा

नमुना गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका खाजन शेतातला, म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतातला होता. बांधाच्या आतल्या बाजूचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल. शेतकऱ्याला मातीचा सामू, म्हणजे पीएच, हवा होता. मी नेहमीप्रमाणे २० ग्रॅम मातीत ५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर घालून ढवळलं, अर्धा तास ठेवलं आणि इलेक्ट्रोड बुडवला. मीटरवर ५.९ आलं, मग ५.८, मग ५.७२. पाच मिनिटांनंतरही आकडा खालीच सरकत होता. सकाळी केलेलं कॅलिब्रेशन तर मीटरने मान्य केलं होतं आणि स्लोप, म्हणजे एका पीएचला जेवढे मिलिव्होल्ट बदलायला हवेत त्यातले किती बदलतात तो आकडा, ९४ टक्के दाखवला होता. आमच्या प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे ९० च्या वर म्हणजे चालेल.

ते चालण्यासारखं नव्हतं. गेले दोन महिने तो इलेक्ट्रोड हळूहळू बिघडत होता आणि रोज मीटर ‘पास’ म्हणत असल्याने आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्या आठवड्यात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या, मीटर समोर आहे पण कुणी नीट दाखवलेलं नाही अशा लोकांसाठी हे आहे.

## काय काय जवळ हवं

- पीएच मीटर, ज्यात पीएचबरोबर मिलिव्होल्टही दिसतात (`mV` असं बटण किंवा मोड असतो)
- कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड, म्हणजे मोजणारा काचेचा गोळा आणि तुलनेसाठीचा रेफरन्स इलेक्ट्रोड एकाच नळीत
- बफर ७ आणि बफर ४, बाटली कधी उघडली ती तारीख वर लिहिलेली. विम्लधर्मी नमुने येत असतील तर ९.१८ किंवा १० चा बफरही
- ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड. १०० मिलिलीटरला २२.४ ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटरची वॉश बॉटल, मऊ टिश्यू, ५० मिलिलीटरचे बीकर, थर्मामीटर
- सेकंद दाखवणारं घड्याळ
- एक वही

शेवटच्या दोन वस्तू लोक वगळतात. आमचा दोष सापडला तो त्यांच्यामुळेच.

## १. मीटर चालू करण्याआधी इलेक्ट्रोडकडे बघा

टोपी काढून इलेक्ट्रोड उजेडात धरा. खालच्या गोळ्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर पारा उतरवताना थर्मामीटर झटकतो तसा हलक्या हाताने झटका. गोळ्यावर केसासारखी चीर आहे का, पांढरा थर आहे का, ते पाहा. मग गोळ्याच्या थोडं वर, नळीच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढा एक पांढरा ठिपका दिसेल. तो जंक्शन. सच्छिद्र सिरॅमिकचा हा तुकडा आतलं पोटॅशियम क्लोराइड अगदी हळू बाहेर झिरपू देतो आणि त्यातूनच विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. नव्या माणसाचं सगळं लक्ष गोळ्यावर असतं, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी या ठिपक्यातून येतात. तो पांढरा आहे की पिवळा, तपकिरी, काळा, हे पाहून ठेवा.

भरता येणारा इलेक्ट्रोड असेल तर वरच्या भोकाचं रबर बाजूला करा. भोक बंद असलं की आतलं द्रावण झिरपत नाही आणि आकडा भरकटतो. आतल्या द्रावणाची पातळी भोकापासून एखाद सेंटिमीटर खाली असावी आणि बुडवल्यावर बीकरमधल्या पातळीपेक्षा नक्की वर असावी. ती खाली असेल तर नमुनाच उलटा आत शिरतो.

इलेक्ट्रोड कोरडा सापडला, कुणी टोपी न लावता ठेवून गेलं असेल, तर लगेच वापरू नका. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये किमान काही तास, शक्यतो रात्रभर बुडवून ठेवा. काचेच्या पृष्ठभागावर पाणी शोषलेला एक पातळ थर असतो, मोजण्याचं काम तो थर करतो, आणि तो पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मात्र ठेवून देऊ नका. त्याने काचेतले आणि जंक्शनमधले आयन बाहेर ओढले जातात. आमच्याकडे जुन्या लोकांची ही सवय मोडायला बराच काळ गेला.

## २. बफर कोणता आहे ते बाटलीवर वाचा

ही पायरी साधी वाटते, पण इथली चूक इलेक्ट्रोडच्या माथी मारली जाते. आपल्याकडे ‘बफर ७’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक ७.०० चा, आणि दुसरा फॉस्फेटचा प्रमाण बफर, जो २५ अंशांना ६.८६ असतो. मीटर ७.०० च्या संचावर लावलेलं आहे आणि बीकरमध्ये ६.८६ आहे, असं झालं तर उदासीन नमुन्यांचे आकडे ०.१४ ने जास्त येतात. शिवाय स्लोप ९५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, कारण प्रत्यक्षात दोन बफरांमध्ये २.८५ पीएचचं अंतर असताना मीटर ते २.९९ धरतं. इलेक्ट्रोड थकला असं वाटतं, पण तो ठणठणीत असतो. मीटरच्या सेटिंगमध्ये बफरचा संच निवडायची सोय असते, ती एकदा बघून घ्या.

दुसरं, बफरचा पीएच तापमानाबरोबर थोडा बदलतो. बाटलीवर तक्ता छापलेला असतो. आमच्या खोलीत एसी चालू असूनही २८ अंश असतात, तेव्हा ७.०० चा बफर ६.९९ च्या आसपास असतो आणि ४ चा ४.०१. स्वतःहून बफर ओळखणारी मीटरं हे आपोआप करतात. गोल बटणांची जुनी मीटरं करत नाहीत. तिथे आधी तापमानाचं बटण खोलीच्या तापमानावर लावा आणि तक्त्यातला आकडा स्वतः जुळवा.

बफर बाटलीतून थेट वापरू नका. छोट्या बीकरमध्ये ओता, वापरा, टाकून द्या, परत बाटलीत ओतू नका. ९ आणि १० चे बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरत जातात, म्हणून ते उघडे ठेवू नका. बफर फ्रिजमध्ये असतील तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय हात लावू नका. थंड बफरमध्ये बुडवलेला इलेक्ट्रोड गरम होईपर्यंत सरकत राहतो आणि तुम्ही भलताच दोष शोधत बसता.

## ३. आधी ७, मग ४, आणि प्रत्येक वेळी सेकंद मोजा

इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. टिश्यूने गोळा घासू नका, फक्त टेकवून थेंब टिपा. घासल्याने काचेवर स्थिर विद्युत जमते आणि आकडा काही वेळ अस्थिर राहतो.

बफर ७ मध्ये असा बुडवा की गोळा आणि जंक्शन दोन्ही द्रावणात असतील. हलकं ढवळा. घड्याळ चालू करा. मीटर `mV` मोडमध्ये ठेवून आकडा थांबेपर्यंत बघा आणि दोन गोष्टी वहीत लिहा: थांबला तो मिलिव्होल्टचा आकडा, आणि थांबायला लागलेले सेकंद. मग कॅलिब्रेशनमध्ये जाऊन (`CAL`) हा बिंदू पक्का करा. धुवा, टिपा, बफर ४ मध्ये हेच सगळं पुन्हा करा.

७ आधी का, तर बहुतेक इलेक्ट्रोड पीएच ७ ला शून्य मिलिव्होल्टच्या जवळ राहतील असे बनवलेले असतात. तिथे शून्यापासून जेवढं अंतर दिसेल ते ऑफसेट. दुसरा बिंदू आम्लाकडे घ्यायचा की विम्लाकडे, ते नमुन्यावर अवलंबून आहे. खाजनातली माती, कोकम आगळ, दही, विहिरीचं पाणी यांसाठी ७ आणि ४ ठीक. कोकम आगळ ४ च्याही खाली जातं, पण ४ जवळ असल्याने दोन बफरांत रोजचं काम भागतं. साबणाचं पाणी किंवा चुन्याचा नमुना असेल तर ७ आणि १० घ्या. नमुना दोन बफरांच्या मध्ये, किंवा निदान जवळ, असावा इतकंच.

इथे एक सापळा आहे. बरीच मीटरं स्वतःच ठरवतात की आकडा स्थिर झाला, आणि बीप देऊन तो गोठवतात. इलेक्ट्रोड मंद असेल तर आकडा इतका सावकाश सरकतो की मीटरला तो स्थिरच वाटतो. बीप आली तरी आणखी एक मिनिट थांबा. आकडा पुढे सरकला तर ती बीप घाईची होती.

## ४. स्लोप स्वतः काढून बघा

मीटर टक्के देतं, तरी एकदा कागदावर करा म्हणजे तो आकडा कुठून येतो ते कळेल. तत्त्वतः एक पीएच बदलला की २५ अंशांना ५९.१६ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. तापमान वाढलं की हा आकडा वाढतो. २८ अंशांना तो सुमारे ५९.८ होतो.

आमचा इलेक्ट्रोड नवा होता तेव्हाची वहीतली नोंद ही:

```
28 °C
बफर 6.99 :   -8 mV   20 सेकंद
बफर 4.01 : +167 mV   25 सेकंद

फरक   : 167 - (-8) = 175 mV
अंतर   : 6.99 - 4.01 = 2.98
स्लोप  : 175 / 2.98 = 58.7 mV
टक्के  : 58.7 / 59.8 = 98 %
```

आणि चोडणचा नमुना आला त्या दिवशीची ही:

```
28 °C
बफर 6.99 :  +21 mV   180 सेकंद
बफर 4.01 : +189 mV   240 सेकंद

फरक   : 189 - 21 = 168 mV
स्लोप  : 168 / 2.98 = 56.4 mV
टक्के  : 56.4 / 59.8 = 94 %
```

साधारणपणे ९५ ते १०२ टक्के चांगले, ९० ते ९५ म्हणजे साफ करायची वेळ आली, आणि ऑफसेट शून्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिलिव्होल्टपर्यंत चालतो. तुमच्या इलेक्ट्रोडच्या पत्रकात वेगळ्या मर्यादा दिल्या असतील तर त्या पाळा. पण वरच्या दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. ९८ वरून ९४ हा फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वीस सेकंदांचे तीन मिनिटं झाली आणि ऑफसेट २९ मिलिव्होल्टने सरकला, या दोन गोष्टी मात्र ओरडून सांगत होत्या, आणि त्या मीटरच्या पडद्यावर कुठेच नव्हत्या. टक्के दोन आकड्यांच्या फरकावरून निघतात. दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकले तर फरक जवळपास तोच राहतो, आणि टक्क्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

जुन्या बटणांच्या मीटरवर टक्के दिसतच नाहीत. तिथे बफर ४ ला जुळवताना स्लोपचं बटण अगदी टोकापर्यंत फिरवावं लागलं, तर तीच खूण समजा.

## ५. आधी मीटर की इलेक्ट्रोड, ते वेगळं करा

आकडा सरकतो म्हटलं की लोक इलेक्ट्रोड बदलायला निघतात. त्याआधी पाच मिनिटं द्या. इलेक्ट्रोडची वायर मीटरपासून काढा. मीटरवरच्या गोल सॉकेटमध्ये मधलं भोक आणि बाहेरची कडी यांना पेपर क्लिप सरळ करून जोडा. म्हणजे मीटरला शून्य मिलिव्होल्ट दिले. आता `mV` मोडमध्ये शून्याच्या अगदी जवळ आकडा येऊन तिथेच राहिला पाहिजे. तो इकडेतिकडे धावत असेल तर दोष मीटरमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे, इलेक्ट्रोडला हात लावू नका.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही कसोटी मी सगळ्यात आधी करते. काचेच्या गोळ्याचा विद्युत रोध प्रचंड, कोट्यवधी ओहमचा असतो. त्यामुळे प्लगमध्ये दमटपणाचा पातळ थर बसला तरी वीज त्यातून पळते, स्लोप पडतो आणि आकडा डुलत राहतो. प्लग आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग जोडा. वापरात नसताना वायरच्या टोकाला छोटी प्लास्टिकची पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढ्याने आमचा पावसाळ्यातला निम्मा त्रास गेला. मीटर बेसिनच्या शेजारी किंवा खिडकीखाली ठेवू नका.

आमच्या त्या दिवशी मीटर स्वच्छ निघालं. पेपर क्लिप लावल्यावर आकडा शून्यावर गोठून बसला. नवे बफर उघडले, तरी मंदपणा तोच. म्हणजे इलेक्ट्रोडच.

## ६. काच मंद की जंक्शन तुंबलेलं?

दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून हे ठरवल्याशिवाय कशातही बुडवू नका. मी तीन गोष्टी बघते.

पहिली, ढवळण्याची कसोटी. इलेक्ट्रोड ढवळत्या द्रावणात ठेवा, आकडा लिहा, मग ढवळणं थांबवा. जंक्शन मोकळं असेल तर आकडा दुसऱ्या दशांशात जेमतेम हलतो. तुंबलं असेल तर ढवळणं थांबताच आकडा उडी मारतो आणि पुन्हा सुरू केलं की परत जातो. बफरमध्ये ही उडी लहान दिसते, साध्या नळाच्या पाण्यात जास्त ठळक. आमच्या इलेक्ट्रोडने नळाच्या पाण्यात ०.१५ ची उडी मारली.

दुसरी, ऑफसेट आणि स्लोप यांपैकी काय बिघडलं ते. काचेवर तेल, प्रथिनं किंवा क्षारांचा थर असेल, किंवा काच जुनी झाली असेल, तर स्लोप घसरतो आणि आकडा दोन्ही बफरांत सावकाश पण एकाच दिशेने चढून थांबतो. रेफरन्सची बाजू बिघडली असेल तर ऑफसेट सरकतो, आणि आकडा कधी वर कधी खाली भटकतो. गोळ्याला चीर असेल तर ७ आणि ४ मध्ये जवळजवळ एकच आकडा येतो. त्याला उपाय नाही.

तिसरी, पुन्हा एकदा तो ठिपका. आमचा काळा झाला होता.

हे काळं कुठून आलं ते समजून घेतलं तर पुढचा उपाय घोकावा लागत नाही. रेफरन्समध्ये सिल्व्हर क्लोराइड चढवलेली चांदीची तार असते. साध्या, एकाच कप्प्याच्या इलेक्ट्रोडमध्ये भरलेल्या तीव्र पोटॅशियम क्लोराइडमध्ये थोडं सिल्व्हर क्लोराइड विरघळलेलं असतं. खाजनाच्या काळ्या चिखलात हवा नसते, तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड करतात. कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. आतून झिरपणारी चांदी आणि बाहेरचं सल्फाइड जंक्शनच्या छिद्रात भेटतात आणि तिथेच सिल्व्हर सल्फाइड बसतं. ते काळं असतं आणि पाण्यात अजिबात विरघळत नाही. एकेका नमुन्याने थोडं थोडं करत दोन महिन्यांत छिद्रं बुजली.

एक अपवाद इथेच सांगते, कारण त्यात इलेक्ट्रोडचा दोष नसतो. जांभ्या दगडातल्या अनेक विहिरींचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार फार कमी. अशा पाण्यात चांगला इलेक्ट्रोडही बराच वेळ सरकतो, कारण पाण्यात वीज वाहून न्यायला आयनच पुरेसे नसतात, आणि त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून खरा पीएचही बदलत राहतो. बफरमध्ये झटपट थांबणारा इलेक्ट्रोड फक्त अशाच पाण्यात रेंगाळत असेल, तर १०० मिलिलीटर नमुन्यात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं १ मिलिलीटर घालून पुन्हा बघा. लवकर थांबला तर कारण पाण्यातच होतं. बीकरवर झाकण ठेवा आणि जोरात ढवळू नका.

## ७. उपाय: सौम्यापासून सुरुवात, एका वेळी एकच

प्रत्येक उपायानंतर पुन्हा ७ आणि ४ मध्ये मिलिव्होल्ट आणि सेकंद लिहा. दोन उपाय एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आधी आतलं द्रावण बदला. वरच्या भोकातून बारीक नळीच्या पिचकारीने जुनं काढा, थोड्या नव्या द्रावणाने आत खळबळा, मग भरा. पत्रकात सिल्व्हर क्लोराइडने संपृक्त द्रावण सांगितलं असेल तर तेच वापरा, साधं नको. आमच्या इलेक्ट्रोडमध्ये याने सेकंद १८० चे १५० झाले, बाकी काही नाही.

मग कोमट पोटॅशियम क्लोराइड. ३ मोलर द्रावण ६० अंशांपर्यंत गरम करा, त्यात इलेक्ट्रोड ठेवा आणि त्यातच थंड होऊ द्या. जंक्शनमध्ये मिठाचे किंवा सिल्व्हर क्लोराइडचे कण बसले असतील तर ते विरघळतात. आमच्याकडे काळेपणा तसाच राहिला, आणि ते अपेक्षितच होतं.

सिल्व्हर सल्फाइडसाठी आम्लात विरघळवलेला थायोयुरिया लागतो. १०० मिलिलीटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ८ ग्रॅम थायोयुरिया. थायोयुरिया चांदीला घट्ट पकडून विरघळवतो, म्हणून काळं सुटतं. हातमोजे आणि चष्मा घाला. हे रसायन कर्करोगाला कारण ठरू शकतं असा संशय आहे आणि जलचरांना घातक आहे, तेव्हा पूड उडू देऊ नका आणि वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांच्या बाटलीत ठेवा. भोक बंद करून फक्त जंक्शन बुडेल इतकाच इलेक्ट्रोड खाली सोडा. आमचा ठिपका तासाभरात तपकिरी झाला आणि साधारण तीन तासांनी पुन्हा पांढरट. मग भरपूर धुतलं, आतलं द्रावण पुन्हा बदललं आणि रात्रभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवलं. रात्रभर ठेवणं टाळू नका; लगेच मोजलं तर आकडा सरकतच राहतो आणि उपाय फसला असं वाटतं.

दुसऱ्या दिवशीची नोंद:

```
28 °C
बफर 6.99 :   -3 mV   25 सेकंद
बफर 4.01 : +172 mV   35 सेकंद
स्लोप  : 175 / 2.98 = 58.7 mV  (98 %)
```

त्याच चोडणच्या मातीचा नवा घोळ केला तर मिनिटभरात ५.४ वर आकडा थांबला आणि थांबूनच राहिला. आदल्या वेळी पाच मिनिटांनी ५.७ दाखवत होता, आणि घाईत कुणीही ५.७ किंवा ५.८ लिहून मोकळं झालं असतं.

तुमच्या इलेक्ट्रोडवर काळं नसून दुसरं काही असेल तर उपाय वेगळा. दूध, दही, मासळीचे नमुने येत असतील तर प्रथिनं बसतात, त्यासाठी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ टक्का पेप्सिन, तासभर. खोबरेल किंवा काजूचं तेल असेल तर भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी, मग भरपूर धुणं. चुन्याचा पांढरा थर असेल तर ०.१ मोलर आम्लात काही मिनिटं पुरतात. गोळ्याची काच फ्लोराइडच्या द्रावणाने कोरून नवी करायची पद्धत कुठे वाचाल. ते रसायन हाडांपर्यंत जाणारी इजा करतं आणि त्याच्यासाठीची तयारी आपल्या छोट्या प्रयोगशाळांत नसते. ते करू नका, इलेक्ट्रोड बदला.

## ८. कधी सोडून द्यायचा

साफ करून, भरून, रात्रभर ठेवूनही स्लोप ९० च्या वर येत नसेल, किंवा बफरमध्ये थांबायला दोन मिनिटं लागत असतील, तर त्या इलेक्ट्रोडवर नमुने मोजू नका. ऑफसेट साफ केल्यावर जागेवर आला नाही तर सल्फाइड आत तारेपर्यंत पोचलं असण्याची शक्यता आहे, आणि तिथे बाहेरून काही करता येत नाही. भरता न येणारे जेलचे इलेक्ट्रोड असे गेले की गेलेच. चांगल्या वापरातही इलेक्ट्रोड वर्ष दोन वर्षंच साथ देतो, म्हणून बसवल्याची तारीख त्याच्या वायरला चिकटवून ठेवा.

## ९. काळ्या चिखलासाठी आम्ही आता काय करतो

खाजनाच्या नमुन्यांसाठी दोन कप्प्यांचा इलेक्ट्रोड वेगळा ठेवला आहे. त्याच्या बाहेरच्या कप्प्यात चांदी नसते, त्यामुळे सल्फाइडला जंक्शनमध्ये भेटायला काही मिळत नाही. मातीचा घोळ ढवळून गाळ थोडा बसू देतो आणि इलेक्ट्रोड वरच्या पाण्यात ठेवतो. जंक्शन गाळात रुतलं तर ते तुंबतं आणि आकडाही वेगळा येतो. गाळ ताजा, वास येणारा असेल तर मोजून झाल्याबरोबर धुतो, दुसरा नमुना होईपर्यंत वाट बघत नाही.

ताजा काळा चिखल उघडा ठेवून सुकू दिला तर त्यातल्या सल्फाइडचं हवेने ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होतं आणि पीएच दिवसागणिक खाली जातो. म्हणून नमुना कधी घेतला आणि किती वेळाने मोजला, हेही वहीत. आमच्या वहीत आता रोज एक ओळ असते: तारीख, तापमान, ७ चे मिलिव्होल्ट, सेकंद, ४ चे मिलिव्होल्ट, सेकंद, जंक्शनचा रंग. सेकंद सलग तीन दिवस वाढत दिसले की चौथ्या दिवशी नमुने लावण्याआधी मी ढवळण्याची कसोटी करते.